अडीच वर्षांची मुलगी शू सांगते, पण शी डायपरमध्येच करते: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: आम्ही परभणीत राहतो. मुलगी अडीच वर्षांची आहे. शू लागली की बहुतेक वेळा सांगते, पण शी फक्त डायपरमध्ये करते, तीही दारामागं उभी राहून. दोन-तीन दिवसांआड होते आणि कडक असते. पॉटीवर बसवलं की किंचाळते. दिवसाला दुधाच्या तीन मोठ्या बाटल्या पिते. घरात देशी संडास आहे. सासूबाई म्हणतात, आमची लेकरं वर्षाच्या आत शिकली, तुम्हीच डायपरची सवय लावली. आता फेब्रुवारी चालू आहे, जूनमध्ये प्लेग्रुपला घालायचंय आणि तिथं डायपर चालत नाही. ती तयार आहे का? आणि सुरुवात कशी करायची?

उत्तर:

शूसाठी तुमची मुलगी तयार आहे. शीसाठी अजून नाही, आणि त्यामागं हट्ट नाही, कडक शी आहे. आधी तिचं पोट मऊ करा, मग शू शिकवा आणि शी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की जूनपर्यंत पॉटी तर शिकून होत नाहीच, वर बद्धकोष्ठ मात्र पक्कं होऊन बसतं.

तयारी वयावरून ठरत नाही. बहुतेक लेकरं दोन ते साडेतीन या वयात कधीतरी दिवसा कोरडी राहायला लागतात. बघायचं ते एवढंच, की शरीर धरून ठेवू शकतं का आणि लेकराला ते कळतं का. सकाळी कोरडा डायपर घाला आणि दर अर्ध्या तासानं हात लावून बघा. सलग दीड-दोन तास कोरडा राहून मग एकदम भरपूर ओला होत असेल, तर मूत्राशय साठवायला शिकलंय. दर वेळी हात लावला की थोडा ओलाच लागत असेल, तर दोन महिने थांबा. ‘चप्पल घे आणि बाबांना नेऊन दे’ असं दोन टप्प्यांचं काम ती करते का? सैल इलॅस्टिकची चड्डी स्वतः गुडघ्यापर्यंत खाली ओढते का? एका जागी तीन-चार मिनिटं बसते का? एवढं जमत असेल तर पुरे. रंग ओळखणं, आकडे म्हणणं यांचा इथं काही संबंध नाही.

ती दारामागं जाते ही खरं तर तयारीचीच खूण आहे. शी येण्याच्या आधी तिला कळतं, ती आडोसा शोधते, तिथं पोचेपर्यंत थांबते. यातली अवघड कामं तिला येतात. अडलंय ते शेवटच्या एका गोष्टीवर, बसून सोडून देण्यावर.

आता दारामागं ती नेमकं काय करते ते एकदा लांबून बघा. पाय एकमेकांवर घट्ट आवळलेले, टाचा वर उचललेल्या, ढुंगण आत ओढलेलं, हातानं दाराची कड किंवा पडदा धरलेला, चेहरा लाल, कधी घाम. घरातल्यांना वाटतं लेकरू कुंथतंय. बहुतेक वेळा ते कुंथत नसतं, आलेली शी आत रोखत असतं. कधीतरी एकदा कडक शी दुखत बाहेर आली, कदाचित थोडी चीर पडली, आणि तिनं ठरवलं की आता येऊ द्यायचीच नाही. रोखलेली शी आत राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. बसलं की पाय फाकतात आणि आवळून धरता येत नाही, म्हणून तिला पॉटी नको असते. उभं राहिलं की रोखता येतं, आणि रोखणं अगदी असह्य झालं की डायपरमध्ये निसटतं. तिचं किंचाळणं दुखण्याच्या भीतीचं आहे. पॉटीचा रंग बदलून किंवा चॉकलेट दाखवून ती भीती जात नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे पॉटीचा आग्रह पूर्ण बंद. डायपर राहू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोनच गोष्टी लिहा: शी झाली का आणि कशी होती. लेंड्यांसारखे सुटे खडे असतील तर ‘१’ लिहा, भेगा पडलेली जाड कांडी असेल तर ‘२’, पिकलेल्या केळ्यासारखी मऊ आणि सलग असेल तर ‘३’, पातळ असेल तर ‘४’. आपल्याला रोज किंवा एक दिवसाआड ‘३’ हवी आहे.

सगळ्यात मोठा फरक दुधानं पडेल. मोठी बाटली साधारण २५० मिलिलिटरची धरली, तर तीन बाटल्या म्हणजे ७५० मिलिलिटर दूध. एवढ्या दुधानं पोट भरतं, भाकरी-भाजीला जागा उरत नाही, शी कडक होते आणि लोहही कमी पडतं. या वयाला दिवसभरात ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. एकदम तोडू नका. पहिल्या चार दिवसांत दुपारची बाटली बंद करून त्या वेळेला ताक किंवा फळ द्या. मग सकाळचं दूध बाटलीऐवजी पेल्यात द्या, आपोआप कमी जातं. रात्रीची बाटली शेवटी सोडवा. झोपेत दूध ओढायची सवय असेल, तर दातांसाठीही ती सुटलेलीच बरी.

जेवणात ज्वारीची भाकरी घट्ट वरणात किंवा पालेभाजीच्या रश्श्यात कुस्करून द्या, वर चमचाभर तूप. रोज दोन वेळा फळ: पपई, पेरूचा गर, मोसंबीच्या साल काढलेल्या फोडी. पाच-सहा मनुका रात्री भिजवून सकाळी बोटानं चुरून द्या, अख्ख्या देऊ नका, घशात अडकतात. बिस्किटं, टोस्ट, शेव हे पंधरा दिवस घरात आणूच नका, कारण डबा दिसला की ती भाकरी खाणार नाही. पाणी मात्र विसरू नका. चोथा वाढवला आणि पाणी तेवढंच ठेवलं, तर शी मऊ व्हायच्या ऐवजी आणखी अडते. दूध, ताक, वरणाचं पाणी धरून दिवसाला एक ते सव्वा लिटर पातळ पदार्थ पोटात जायला हवेत, आणि आपल्याकडं मार्चपासून ऊन चढतं तेव्हा त्याहून जास्त. तिचा छोटा तांब्या-पेला तिचा हात पोचेल तिथं ठेवा.

दहा-बारा दिवसांत कॅलेंडरवर ‘३’ दिसायला लागली नाही, शी करताना ती रडतच असेल किंवा रक्ताचा थेंब दिसला, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते शी मऊ ठेवणारं सिरप किंवा पावडर देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून शेजारच्या लेकराची बाटली आणून चालणार नाही. इथं एक चूक घरोघरी होते. औषधानं चार दिवस मऊ शी झाली की ‘सवय लागेल’ या भीतीनं औषध बंद करतात. पाचव्या दिवशी पुन्हा कडक होते, पुन्हा दुखते आणि भीती पहिल्यापेक्षा पक्की होते. ही औषधं शीमध्ये पाणी धरून ठेवतात, आतड्याला आळशी करत नाहीत. बद्धकोष्ठासाठी ती बहुधा दोन महिने तरी चालतात आणि डॉक्टर हळूहळू कमी करतात.

साबणाची वडी सरकवणं, एरंडेलात बुडवलेला पानाचा देठ घालणं किंवा घरच्या घरी एनिमा देणं हे करू नका. त्यानं त्या दिवशी शी होते हे खरं. पण जिथं दुखण्याची भीती बसलीय तिथंच कोणीतरी धरून काहीतरी घातलं, हे ती विसरत नाही. साबणानं आतली नाजूक त्वचाही भाजल्यासारखी होते.

या दोन आठवड्यांत पॉटी नुसती घरात असू द्या. साधी, प्लास्टिकची, जमिनीवर पक्की बसणारी घ्या. गाणी वाजणारी, गाडीसारखी पॉटी नको, ती खेळणं होते. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले पाहिजेत. उकिडवं बसल्यावर शीची वाट सरळ होते आणि ढकलायला पायांचा आधार मिळतो. पाय लोंबकळले की पोटाला जोर लावता येत नाही. तुमच्या देशी संडासाची बैठक मोठ्यांसाठी योग्य आहे, पण तिच्यासाठी दोन पायऱ्यांमधलं अंतर फार आहे, खालचं भोक मोठं दिसतं आणि पडायची भीती वाटते. तिथं ती साधारण चार वर्षांची झाल्यावर, आधी हात धरून, बसू लागेल. तोवर पॉटी न्हाणीघरात किंवा संडासाच्या दाराशी एकाच जागी ठेवा. कपडे घालून, बाहुली घेऊन ती नुसती बसली तरी चालेल.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्यांचा अनुभव इथं कामाला येतो. पूर्वी सहा-आठ महिन्यांच्या बाळाला आई किंवा आजी आपल्या दोन पायांवर बसवायची, ‘शू-शू’ असा आवाज करायची आणि ठरलेल्या वेळी शी-शू व्हायची. ती सवय वेळेची आणि आवाजाची होती. वेळ ओळखायचं काम आजी करायची. घरात दिवसभर कोणीतरी असायचं आणि डायपर नव्हता, म्हणून ते जमायचं. अडीच वर्षांच्या लेकरानं स्वतः ओळखून स्वतः सांगायचं, हे काम वेगळं. पण आजीचे पाय ही तिच्यासाठी सर्वांत ओळखीची आणि न घसरणारी बैठक होऊ शकते. पॉटी अजिबात नकोच म्हणाली, तर आजीच्या पायांवर उकिडवं बसणं हा मधला टप्पा म्हणून ठेवा.

साधारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात शू सुरू करा. आपल्या भागात ही वेळ सोयीची आहे. चड्ड्या दुपारपर्यंत वाळतात, अंगावर कपडे कमी असतात आणि बोअरला अजून पाणी असतं. मे महिन्यात टँकरची वाट बघत रोज आठ चड्ड्या धुणं जमत नाही, आणि तेव्हा लग्नसराईत घरही जागेवर नसतं. सुती, सैल इलॅस्टिकच्या आठ-दहा चड्ड्या, पुसायला जुन्या धोतराचे तुकडे आणि झाकणाची एक बादली एवढी तयारी पुरते. घरात दुसरं कोणीतरी असेल असे सलग तीन दिवस निवडा.

पहिल्या दिवशी सकाळी डायपर काढला की झोप सोडून दिवसभर परत घालायचा नाही. डायपर ओल शोषून घेतो, त्यामुळं ओलं झालं हे तिला कळतच नाही. चड्डी ओली झाली की पायावरून धार येते, आणि ‘आतून काहीतरी वाटलं, मग ओलं झालं’ हे दोन्ही तिथं जुळतं. उठल्यावर, आंघोळीआधी, झोपण्याआधी, बाहेर निघताना आणि एरवी साधारण दोन तासांनी तिला न्या. ‘शू आली का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘नाही’ येतं. ‘चल, शू करून येऊ, मग खेळू’ असं म्हणा. दर वीस मिनिटांनी बसवणाऱ्या घरांमध्ये लेकरू लवकर कंटाळतं, शिवाय मूत्राशय भरल्याची जाणीव व्हायला वेळच मिळत नाही. दोन मिनिटांत झाली नाही तर उठू द्या.

चड्डीत झाली तर आवाज न चढवता एवढंच: ‘शू चड्डीत झाली. शू पॉटीत करायची. चल, पुसू.’ चड्डी बादलीत तिलाच टाकू द्या. ‘छी छी, घाण’ हा शब्द घरातून काढून टाका, पाहुण्यांनाही सांगा. शी घाण आहे असं ऐकलेलं लेकरू ती लपवायला आणि रोखायला शिकतं. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा ओलं होणं नेहमीचं आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी ते दोन-तीनवर आलं, तर गाडी रुळावर आहे. आठवडाभरात काहीच फरक नसेल किंवा ती शू रोखून धरायला लागली, तर सरळ डायपरवर परत जा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बघा. त्यात वाया काही जात नाही.

या सगळ्या काळात शीसाठी डायपर मागितला तर लगेच द्यायचा. ‘एवढी मोठी झालीस’ म्हणत अडवला, तर ती दोन-तीन दिवस शी रोखेल आणि दोन आठवड्यांची मेहनत एका कडक शीत जाईल.

शीची पाळी तेव्हा, जेव्हा कॅलेंडरवर सलग दोन आठवडे ‘३’ दिसतील. तुमच्या हिशेबात मार्चअखेर किंवा एप्रिल. आता ती डायपरमध्ये करते तेच चालू ठेवायचं, फक्त जागा आणि बैठक थोडी थोडी बदलायची. आधी डायपर घालून, पण दारामागं नाही, न्हाणीघरात उभं राहून. दार अर्धं लोटून घ्या, तिला आडोसा लागतो. तीन-चार वेळा तिथं आरामात झाली की डायपर घालूनच पॉटीवर किंवा आजीच्या पायांवर बसून. हा टप्पा सर्वांत अवघड, कारण इथं पहिल्यांदा पाय आवळता येत नाहीत. आठ-दहा दिवस लागले तरी चालतील. मग डायपरच्या पट्ट्या सैल करा. मग डायपरला मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा आणि दर वेळी ते मोठं करत जा. शेवटी डायपर नुसता पॉटीच्या तळाशी अंथरा, आणि मग काढून टाका. एखाद्या टप्प्यावर ती अडली तर आधीच्या टप्प्यावर चार दिवस थांबा.

वेळ तिच्या पोटालाच ठरवू द्या. जेवल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवा. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. मोबाइल हातात देऊ नका, त्यात गुंतली की पोटाकडं लक्ष राहत नाही. त्याऐवजी पिपाणी वाजवायला द्या. फुंकताना पोटाचे स्नायू आपोआप जोर लावतात आणि खालचे सैल पडतात. तळाशी दोन-तीन चमचे पाणी असलं की पॉटी कमी पाण्यात धुतली जाते. जास्त पाणी ठेवलं तर शिंतोडा अंगावर उडतो आणि ती दचकते. बक्षीस बसण्याला द्या, शी होण्याला नको, कारण शी आणणं तिच्या हातात नाही, बसणं आहे. कागदावर आईच्या पाकिटातली एक टिकली चिकटवू दिली की या वयाला पुरतं.

धुताना पुढून मागं, कधीच उलटं नाही, मुलींना त्यानं लघवीचा संसर्ग होतो. पॉटीतली शी संडासातच ओता. लहान लेकराची शी निरुपद्रवी असते असं समजून ती नालीत टाकतात, पण तिच्यातून जुलाबाचे जंतू तितकेच पसरतात. मग दोघींनी साबणानं हात धुवायचे, तिनंही.

दुपारच्या झोपेचा आणि रात्रीचा डायपर जूनपर्यंत राहिला तरी बिघडत नाही. रात्रीचा ताबा शिकवून येत नाही, तो शरीर पिकल्यावर येतो, आणि पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं यात आजार शोधायचा नसतो. प्लेग्रुपला फक्त दिवसाचे तीन तास कोरडे हवे असतात. मे महिन्यात तिथं जाऊन संडास कसा आहे, लेकरांना कोण नेतं आणि लेकरानं काय म्हणायचं हे विचारून या, तोच शब्द घरी वापरा आणि सुट्टीत एकदा तिला तिथं बसवून आणा. अनोळखी संडास नको म्हणून सकाळभर रोखणारी लेकरं पुष्कळ असतात, आणि त्यातून बद्धकोष्ठ परत येतं. निघण्याआधी घरी न्याहारीनंतरची पाच मिनिटांची बैठक चुकवू नका. जूनमध्ये पहिले पंधरा दिवस पुन्हा चड्डी ओली झाली, तर ती नव्या जागेची आहे, शिकलेलं विसरल्याची नाही.

काही गोष्टींसाठी मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा. चड्डीला दिवसातून अनेकदा पातळ शीचा डाग लागतो आणि तिला ते कळत नाही. याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध देऊ नका. आत साठलेल्या कडक गोळ्याच्या बाजूनं पातळ शी झिरपत असते. शू करताना जळजळ, कारण नसताना ताप, किंवा कधीच कोरडी न राहता सतत थेंब थेंब गळणं. पोट फुगलेलं, उलट्या, वजन न वाढणं. आणि बद्धकोष्ठ जन्मापासूनच असेल, जन्मानंतरची पहिली काळी शी दोन दिवसांत झाली नव्हती असं सासूबाईंना आठवत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.